वर्डमधला जिवंत संदर्भ

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी झोटेरो हे नाव ऐकलेलं असतं. त्यातले बरेच जण ते उतरवून घेतात, त्यात दहा-वीस लेखांच्या नोंदी जमवतात आणि मग वर्डमध्ये संदर्भ मात्र पूर्वीसारखेच हाताने टाइप करतात. कारण विचारलं, तर उत्तर साधारण एकच येतं: ‘ते वर्डला जोडायचं कसं ते कळलं नाही’ किंवा ‘जोडलं होतं, पण टॅब दिसेनासा झाला’. म्हणजे या मोफत साधनाचा जो खरा उपयोग, त्याच्या उंबरठ्यावरून माणसं परत फिरतात. हा उंबरठा कसा ओलांडायचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी रचना समजून घेऊ, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी ती न कळल्यामुळे येतात. झोटेरो म्हणून आपण जे ओळखतो ते खरं तर तीन तुकड्यांत काम करतं. पहिला तुकडा म्हणजे संगणकावर बसणारा मूळ प्रोग्रॅम. आपल्या पुस्तकांच्या आणि लेखांच्या नोंदी त्यात राहतात. दुसरा म्हणजे ब्राउझरमध्ये बसणारं कनेक्टर. वेबपानावरची लेखक, वर्ष, नियतकालिक, पृष्ठं अशी माहिती उचलून ते मूळ प्रोग्रॅमकडे पाठवतं. तिसरा तुकडा वर्डमध्ये बसणारं प्लगइन. ते मूळ प्रोग्रॅमकडून नोंद मागून घेतं आणि आपल्या मजकुरात संदर्भ घालतं. ब्राउझर आणि वर्ड एकमेकांशी कधीच बोलत नाहीत. दोघंही बोलतात ते फक्त मधल्या प्रोग्रॅमशी, आणि त्यासाठी तो त्या क्षणी उघडा असावा लागतो. झोटेरो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रातून बाहेर आलं, तेव्हा ते फायरफॉक्स ब्राउझरच्या पोटातच राहायचं. आज मूळ प्रोग्रॅम स्वतंत्र आहे. तरीही ‘ब्राउझरमध्ये बटण बसवलं म्हणजे झोटेरो बसलं’ असं समजणारे पुष्कळ भेटतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. zotero.org या संकेतस्थळाच्या डाउनलोड पानावर दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात, प्रोग्रॅम आणि कनेक्टर. प्रोग्रॅम आधी घ्या. तो बसवताना वर्ड पूर्ण बंद ठेवा, नुसतं खाली सारून नव्हे. प्लगइनसाठी वेगळं काही उतरवायचं नसतं, ते मूळ प्रोग्रॅमसोबतच येतं. प्रोग्रॅम वर्डच्या एका ठरलेल्या फोल्डरमध्ये `Zotero.dotm` नावाची छोटी फाइल ठेवतो आणि वर्ड उघडताना ती आपोआप वाचतं. त्या वेळी वर्ड उघडं असेल, तर फाइल नीट बसत नाही.

प्रोग्रॅम बसला की कनेक्टर. क्रोम आणि एज यांच्यासाठी ते त्या त्या ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या दुकानातून मिळतं, फायरफॉक्ससाठी थेट zotero.org वरून. मॅकवरच्या सफारीसाठी ते मूळ प्रोग्रॅमबरोबरच येतं, सफारीच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त चालू करावं लागतं. क्रोममध्ये नवं एक्स्टेन्शन उजव्या कोपऱ्यातल्या कोड्याच्या तुकड्यासारख्या चिन्हामागे दडलेलं असतं. त्या चिन्हावर क्लिक करून झोटेरोच्या नावापुढची पिन दाबली की बटण कायमचं वर दिसू लागतं. ते डोळ्यांसमोर असणं गरजेचं आहे, कारण त्याचं रूप वाचूनच पुढचं काम करायचं असतं.

इथून पुढे एक उदाहरण धरून चालू. समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या जात आणि नातेसंबंधांवर प्रबंध लिहिते आहे असं समजा. तिला एम. एन. श्रीनिवास यांचा १९५९ सालचा, रामपुरा गावातल्या प्रभावी जातीवरचा लेख हवा आहे. तो ‘अमेरिकन अँथ्रपॉलॉजिस्ट’ या नियतकालिकाच्या ६१व्या खंडात आला होता. श्रीनिवास यांचंच कूर्ग समाजावरचं १९५२ सालचं पुस्तकही हवं आहे. त्याशिवाय इरावती कर्वे यांचं भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचं इंग्रजी पुस्तक, जे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ मध्ये काढलं, आणि त्यांचं मराठी ‘युगान्त’.

ती जेस्टोरवर श्रीनिवास यांच्या लेखाच्या पानावर जाते. कनेक्टरचं बटण आता लेखाच्या कागदासारखं दिसतं. म्हणजे कनेक्टरने ओळखलं आहे की हे नियतकालिकातल्या लेखाचं पान आहे. पुस्तकाच्या पानावर तेच बटण पुस्तकासारखं दिसतं. शोधाची लांब यादी उघडली असेल, तर फोल्डरसारखं दिसतं, आणि दाबल्यावर यादीतल्या कोणत्या नोंदी हव्यात त्यावर खुणा करायला सांगतं. आणि पानावरून काहीच नेमकं ओळखता आलं नाही, तर बटण साध्या करड्या वेबपानासारखं राहतं. हा फरक पाहायची सवय लावून घ्यावी. करडं बटण असताना जतन केलेल्या नोंदीत शीर्षक आणि दुवा येतो, पण लेखकाचं नाव आणि वर्ष बहुधा येत नाही. मराठीतल्या अनेक संकेतस्थळांवर बटण असंच करडं असतं. ती नोंद निरुपयोगी नाही, पण ती जतन केल्या केल्या लेखक आणि दिनांक हाताने भरायला हवा. नंतर भरू म्हणून सोडलेली नोंद प्रबंधाच्या शेवटच्या रात्रीच आठवते.

बटण दाबलं की कोपऱ्यात छोटी चौकट येते आणि नोंद कोणत्या संग्रहात चालली आहे ते सांगते. मूळ प्रोग्रॅममध्ये ज्या संग्रहावर शेवटचं क्लिक झालं होतं, तिथे ती जाते. चौकटीतूनच तो बदलताही येतो. महाविद्यालयाच्या वर्गणीतून लेख वाचायची परवानगी असेल, तर पीडीएफही सोबत येते.

इथे पहिली अडचण उभी राहू शकते. चौकटीऐवजी पडद्यावर `Is Zotero Running?` असा प्रश्न येतो. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं: प्रोग्रॅम बंद आहे. तो उघडून पुन्हा बटण दाबलं की काम होतं. प्रोग्रॅम उघडा असूनही हाच प्रश्न येत असेल, तर तपासण्याची खात्रीची रीत आहे. कनेक्टर आणि प्रोग्रॅम आपल्याच संगणकाच्या आत एका ठरलेल्या दारातून बोलतात. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाइप करा:

```
http://127.0.0.1:23119/connector/ping
```

प्रोग्रॅम ऐकत असेल, तर पानावर `Zotero is running` एवढंच वाक्य येतं. ते आलं, तर दोष ब्राउझरच्या बाजूला आहे, कनेक्टर काढून पुन्हा बसवावं. ते आलं नाही आणि प्रोग्रॅम मात्र समोर उघडा दिसतो आहे, तर मध्ये कोणीतरी दार अडवलं आहे. सहसा हे काम अँटीव्हायरसचं, फायरवॉलचं किंवा महाविद्यालयाच्या जाळ्यासाठी लावलेल्या प्रॉक्सीच्या सेटिंगचं असतं. आपल्या संगणकाच्या आतली ही ये-जा त्यातून वगळायला सांगावी. पत्ता बाहेरच्या कुठल्या यंत्राचा नसून स्वतःच्याच संगणकाचा आहे, हे प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकाला दाखवलं की तो सहसा हरकत घेत नाही.

आता वर्ड. ते उघडल्यावर वरच्या पट्टीत `Zotero` नावाचा टॅब दिसला पाहिजे. तो दिसला, तर बसवण्याचं काम संपलं. दिसला नाही, तर प्रोग्रॅममध्ये `Edit` या मेनूतून `Settings`, त्यात `Cite`, त्यात `Word Processors` असं जावं. मॅकवर `Settings` हे `Zotero` या मेनूत असतं. तिथे `Reinstall Microsoft Word Add-in` हे बटण आहे. वर्ड पूर्ण बंद करून ते दाबावं आणि मग वर्ड उघडावं.

इतक्याने बहुतेकांचा टॅब परत येतो. तरीही आला नाही, तर फाइल एका फोल्डरमध्ये गेली आणि वर्ड दुसऱ्याच फोल्डरमध्ये शोधतं आहे, अशी शक्यता बरीच असते. विभागाच्या सामायिक संगणकांवर असं होतं, कारण तिथे कोणी वर्डचे फोल्डर हलवून ठेवलेले असतात. वर्ड नेमकं कुठे पाहतं ते वर्डलाच विचारता येतं. `File`, मग `Options`, मग `Advanced`, आणि त्या लांबलचक पानाच्या अगदी तळाशी `File Locations` हे बटण. त्यातल्या `Startup` या ओळीपुढे जो पत्ता दिसेल, तिथे `Zotero.dotm` असायला हवी. विंडोजवर साधारणतः तो पत्ता असा असतो:

```
%AppData%\Microsoft\Word\STARTUP
```

फाइल तिथे नसेल, तर झोटेरोच्या फोल्डरमध्ये ती नावाने शोधून हाताने तिथे ठेवावी. फाइल असूनही टॅब नसेल, तर वर्डने ती स्वतःहून बंद करून टाकलेली असू शकते. एखाद्या वेळी वर्ड मध्येच कोसळलं, की संशय येऊन ते जोडलेल्या गोष्टी बाजूला काढतं. `Options` मधल्या `Add-ins` या पानावर तळाशी `Manage` ची यादी असते, त्यात `Disabled Items` निवडून पाहावं आणि झोटेरो तिथे सापडलं तर पुन्हा चालू करावं.

मॅक वापरणाऱ्यांचं एक वेगळं दुखणं आहे. तिथे टॅब दिसतो, बटणंही दिसतात, पण दाबल्यावर काहीच घडत नाही. मॅकमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्यावर ताबा मिळवायला परवानगी लागते. पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा घाईत ‘नको’ म्हटलं गेलेलं असतं. सिस्टिम सेटिंगमधल्या `Privacy & Security` खालच्या `Automation` मध्ये झोटेरोपुढे वर्डची खूण करून ती परवानगी देता येते. विंडोजवर याच्याशी मिळतंजुळतं एक कारण आहे: वर्ड प्रशासकाच्या अधिकारात चालू असेल आणि झोटेरो साध्या अधिकारात, तर दोघांची गाठ पडत नाही. दोन्ही साध्या रीतीने उघडावेत.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी, कारण तिच्यापायी अनेकांचे तास वाया गेलेले मी पाहिले आहेत. हे सगळं संगणकावर बसवलेल्या वर्डबद्दल आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वर्डमध्ये किंवा मोबाइलवरच्या वर्डमध्ये हे प्लगइन बसतच नाही. ज्यांच्याकडे विकतचं वर्ड नाही त्यांच्यासाठी मोफत लिब्रेऑफिस आहे. त्याच `Word Processors` च्या पानावर त्याचंही बटण आहे. गूगल डॉक्समध्ये तर वेगळं प्लगइनही लागत नाही, कनेक्टर बसलेलं असलं की डॉक्सच्या मेनूत `Zotero` हे नाव आपोआप उमटतं. मात्र तिथेही मूळ प्रोग्रॅम उघडा लागतोच.

आपल्या विद्यार्थिनीकडे वळू. तिने वर्डमध्ये वाक्य लिहिलं, पूर्णविरामाच्या आधी कर्सर ठेवला आणि `Add/Edit Citation` दाबलं. नव्या दस्तऐवजात पहिल्यांदाच हे बटण दाबलं की आधी शैली विचारली जाते. तिच्या विभागाने एपीएची सातवी आवृत्ती सांगितली आहे, ती तिने निवडली. शैली नंतर केव्हाही बदलता येते, म्हणून इथे फार अडून बसू नये. शैली ठरल्यावर शोधायची जागा उघडते. कधी कधी ही खिडकी वर्डच्या मागे दडते आणि वर्ड गोठल्यासारखं वाटतं. तेव्हा वर्ड बळजबरीने बंद करू नये, खालच्या पट्टीतून ती खिडकी पुढे आणावी. तिने त्यात `srinivas 1959` असं टाइप केलं, खाली आलेली नोंद निवडली. नोंदीचा एक छोटा गोलसर तुकडा झाला. त्या तुकड्यावर क्लिक केल्यावर पृष्ठक्रमांकाची जागा उघडली, तिथे ७ टाकला आणि एंटर दाबलं. मजकुरात उमटलं:

```
(Srinivas, 1959, p. 7)
```

हे दिसतं साध्या मजकुरासारखं, पण तसं नाही. वर्डमध्ये `Alt` आणि `F9` एकत्र दाबून पाहा. कंस नाहीसा होतो आणि त्याच्या जागी `ADDIN ZOTERO_ITEM CSL_CITATION` ने सुरू होणारा, महिरपी कंसातला लांबलचक मजकूर दिसतो. यालाच वर्डच्या भाषेत फील्ड म्हणतात. नोंदीची सगळी माहिती त्यात साठवलेली असते, आणि आपल्याला दिसणारा कंस हा त्या माहितीवरून दर वेळी नव्याने काढलेला निकाल असतो. पुन्हा तीच दोन बटणं दाबली की कंस परत येतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं मला फार मोलाचं वाटतं, कारण पुढचे नियम मग पाठ करावे लागत नाहीत.

कंसात हाताने काही बदललं, तर ते टिकणार नाही हे आपोआप लक्षात येतं. कंसातलं वर्ष १९५९ चं १९६० केलं, तरी आतली माहिती तीच राहते. नंतर तो संदर्भ उघडायला गेलं की झोटेरो इशारा देतं की इथे हाताने बदल झाला आहे आणि पुढे गेलात तर तो पुसला जाईल. दुरुस्ती करायची ती मूळ प्रोग्रॅममधल्या नोंदीत, आणि मग वर्डमध्ये `Refresh` दाबायचं. पृष्ठक्रमांक बदलायचा असेल, तर कंसावर कर्सर ठेवून तेच `Add/Edit Citation` बटण पुन्हा दाबायचं.

आता तिने पुढच्या परिच्छेदात श्रीनिवास यांच्या १९५२ च्या पुस्तकाचा संदर्भ घातला आणि एक विचित्र गोष्ट घडली. नव्या कंसात आडनावाआधी आद्याक्षर आलं. वर जाऊन पाहिलं, तर आधीचा, चांगला असलेला कंसही बदललेला:

```
(M. N. Srinivas, 1959, p. 7)
(M. Srinivas, 1952)
```

अशा वेळी प्लगइन बिघडलं असं वाटून ते काढून पुन्हा बसवणारे अनेक जण आहेत. बिघाड प्लगइनमध्ये नाही, नोंदीत आहे. जेस्टोरवरून आलेल्या नोंदीत लेखकाचं पहिलं नाव ‘एम. एन.’ असं आहे. पुस्तकाची नोंद दुसऱ्या एका ग्रंथालयाच्या पानावरून उचलली, तिथे नुसतं ‘एम.’ आहे. झोटेरोच्या लेखी ही दोन वेगळी माणसं झाली. एकाच आडनावाच्या दोन लेखकांत वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून आद्याक्षरं लावायची, हा एपीएचा नियम आहे आणि तो झोटेरोने इमानाने पाळला. उपाय मिनिटभराचा आहे: प्रोग्रॅममध्ये दोन्ही नोंदींत नाव अक्षरशः सारखं करायचं आणि वर्डमध्ये `Refresh`. दोन्ही कंसांतली आद्याक्षरं जातात. एका ठिकाणी बिंदूनंतर मोकळी जागा आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्याशा फरकावरही भरवसा ठेवू नये, तोही सारखा करावा. भारतीय नावांच्या बाबतीत तर संकेतस्थळांवरून आडनाव आणि नाव उलटसुलट येण्याचंही प्रमाण बरंच आहे. नोंद जतन झाली की उजव्या बाजूच्या रकान्यात नजर टाकून हे तपासणं, हा मला संपूर्ण कामातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो. बसवणं एकदाच करायचं असतं, हे मात्र प्रत्येक नोंदीला.

इरावती कर्वे यांच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा होतो. इंग्रजी पुस्तकाच्या नोंदीत नाव रोमन लिपीत आहे, ‘युगान्त’च्या नोंदीत देवनागरीत. माणूस एकच, पण संदर्भसूचीत त्या दोन ठिकाणी जाणार, कारण सूची अक्षरांच्या क्रमाने लागते आणि रोमन लिपीतल्या सगळ्या नोंदी आधी, देवनागरीतल्या नंतर येतात. प्रबंध मराठीत असेल, तर हे दोन गट एका अर्थी सोयीचेच पडतात, कारण मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या स्वतंत्र याद्या देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. फक्त गट उलटे हवे असतील, तर ते अगदी शेवटी, प्रत काढून झाल्यावर हाताने हलवावेत.

देवनागरी नोंद करताना वर्ष मात्र इंग्रजी अंकांत टाकावं. दिनांकाच्या चौकटीतलं वर्ष झोटेरो त्याच अंकांवरून ओळखतं. आणि पृष्ठासाठी ‘p.’ ऐवजी ‘पृ.’ हवं असेल, तर पृष्ठाची जागा रिकामी ठेवून त्याच छोट्या तुकड्यातल्या `Suffix` या जागी स्वल्पविरामासकट ‘, पृ. ४५’ असं लिहावं. कंसात आडनाव आणि वर्षापाठोपाठ ते तसंच उमटतं, आणि फील्डच्या आत साठवलेलं असल्यामुळे `Refresh` नंतरही टिकतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, जी झोटेरोच्या कुठल्याही इंग्रजी सूचनापत्रकात सापडणार नाही. आपल्याकडे अजूनही अनेक प्रबंध युनिकोडमध्ये नव्हे तर जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो, फक्त त्या अक्षरांना देवनागरी आकार दिलेले असतात. अशा परिच्छेदात श्रीनिवास यांचा संदर्भ घातला, तर तो आजूबाजूचा फॉन्ट उचलतो आणि रोमन नावाच्या जागी निरर्थक देवनागरी अक्षरांची रांग दिसते. संदर्भ बिघडलेला नसतो, तो फक्त चुकीच्या आकारांत दिसत असतो. तेवढ्या कंसाचा फॉन्ट बदलून ते तात्पुरतं सुधारतं, पण दोनशे संदर्भांच्या प्रबंधात हे किती वेळा करणार? संदर्भ घालायला सुरुवात करण्याआधी संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं हाच मार्ग आहे. टायपिंग बाहेर देणार असाल, तर ही अट टंकलेखकाला पहिल्याच दिवशी सांगावी.

सगळे संदर्भ घालून झाले की सूचीच्या पानावर कर्सर ठेवून `Add/Edit Bibliography` एकदाच दाबायचं. मजकुरात उल्लेख झालेल्या नोंदींची सूची तयार होते. नंतर एखादा परिच्छेद काढून टाकला आणि त्यातलं पुस्तक दुसरीकडे कुठेच आलेलं नसेल, तर ते सूचीतूनही जातं.

प्रबंध वाढत गेला की प्रत्येक नवा संदर्भ घालायला वेळ लागू लागतो, कारण दर वेळी सगळे कंस नव्याने तपासले जातात. तेव्हा झोटेरो स्वतःच आपोआप ताजं करणं थांबवू का, असं विचारतं. होकार द्यायला हरकत नाही. मग नवे संदर्भ तुटक अधोरेखित दिसतात, म्हणजे त्यांचं अंतिम रूप अजून ठरायचं आहे. `Refresh` दाबलं की ती रेघ जाते. छापण्याआधी हे विसरलं तर रेघा कागदावरही येतात.

मार्गदर्शकांना प्रकरण पाठवतानाही फील्डचाच विचार करावा. त्यांच्या संगणकावर झोटेरो नसलं तरी बिघडत नाही, त्यांना कंस नीट दिसतात आणि त्यांनी वर्डमध्येच दुरुस्त्या केल्या तर फील्ड शाबूत राहतात. पण त्यांनी ती फाइल गूगल डॉक्समध्ये उघडून, तिथेच दुरुस्त करून परत पाठवली, तर कंस दिसतात तसेच असतात आणि आतली माहिती मात्र गेलेली असते. परत आलेल्या फाइलमध्ये एखाद्या कंसावर क्लिक करून पाहावं. वर्डमध्ये जिवंत फील्डवर क्लिक केलं की सहसा मागे करडी छटा येते. छटा दिसली नाही तर `Alt` आणि `F9` ने खात्री करावी. माहिती गेली असेल, तर त्या फाइलमध्ये पुढे काम करू नये, सुचवलेल्या दुरुस्त्या आपल्या मूळ फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात. वर्डमधून गूगल डॉक्सकडे किंवा लिब्रेऑफिसकडे खरोखरच जायचं असेल, तर त्यासाठी `Document Preferences` मध्ये दुसऱ्या लेखन-प्रोग्रॅमकडे जाण्याची स्वतंत्र सोय आहे. तीच वापरावी, नुसती फाइल उघडून जतन करू नये.

शेवटी विद्यापीठाला किंवा नियतकालिकाला द्यायची प्रत. काही ठिकाणी फील्ड नसलेली फाइल मागतात. त्यासाठी `Unlink Citations` हे बटण आहे. ते सगळ्या कंसांचा साधा मजकूर करून टाकतं, आणि एकदा फाइल जतन करून बंद केली की परतीचा रस्ता नाही. म्हणून आधी फाइलची दुसऱ्या नावाने प्रत काढावी, त्या प्रतीवरच ते दाबावं, मराठी-इंग्रजी गट हलवायचे असतील तर तेही तिथेच हलवावेत आणि ती प्रत पाठवावी. मूळ फाइल तशीच ठेवावी. परीक्षकांनी तिसऱ्या प्रकरणात दोन संदर्भ वाढवायला सांगितले, की लागणार आहे ती हीच फाइल.